‘अर्ज पुढे पाठविला आहे’

२०२३ च्या मार्च महिन्यात दिंडोरीहून मुंबईच्या दिशेने निघालेल्या शेतकरी-आदिवासींच्या पायी मोर्चाने कांद्याला क्विंटलमागे ६०० रुपये अनुदान मागितले होते. सरकारने प्रथम ३०० आणि मग ३५० रुपये जाहीर केले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेला लेट खरीप कांदा, आणि एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटल, अशी मर्यादा ठरली. म्हणजे अधिकांत अधिक ७०,००० रुपये. मोर्चा मागे फिरला, वृत्तपत्रांतील मथळे ओसरले आणि नाशिक जिल्ह्यातील शेतकरी एप्रिलच्या उन्हात बाजार समित्यांच्या खिडक्यांपुढे रांगा लावून उभा राहिला. निर्णय रस्त्यावर मिळाला हे खरे. परंतु निर्णय आणि पैसे यांच्यामध्ये कचेऱ्यांची जी वाट पसरलेली असते तिच्यावर चळवळीचा सहसा कोणीही पहारेकरी नसतो, आणि नेमक्या त्याच वाटेवर अर्ज हरवतात.

ती वाट कशी होती हे आधी नीट पाहिले पाहिजे. ज्या बाजार समितीत कांदा विकला तेथेच अर्ज द्यावयाचा होता. सोबत विक्रीपट्टी, कांद्याची नोंद असलेला सात-बारा उतारा, बँक पासबुकाची प्रत आणि आधारची प्रत. समितीने याद्या करून तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे द्यावयाच्या, तेथून त्या नाशिकच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, पुढे पुण्याच्या पणन संचालनालयाकडे आणि शेवटी मंत्रालयात. वाटेत लेखापरीक्षकाची तपासणी निराळीच. म्हणजे शेतकऱ्याने अर्ज एका खिडकीत टाकला तरी तो चार-पाच कचेऱ्यांच्या नोंदवह्यांतून जातो, आणि प्रत्येक कचेरीत त्याला नवा आवक क्रमांक व बाहेर पडताना नवा जावक क्रमांक मिळतो. शेतकऱ्याच्या हाती मात्र पहिल्या खिडकीवरच्या पोचपावतीचा एकच क्रमांक उरतो. तो घेऊन तो नाशिकच्या कचेरीत गेला तर तेथील लिपिकाला त्यावरून काहीही सापडत नाही, कारण तो क्रमांक त्याच्या वहीतला नसतो. अशा वेळी ‘पुढे पाठविला आहे’ किंवा ‘अजून आलेला नाही’ ही उत्तरे खोटी असतातच असे नाही. ती फक्त निरुपयोगी असतात.

उदाहरणासाठी निफाड तालुक्यातील एक कुटुंब कल्पू. कुटुंब आणि त्याचे क्रमांक कल्पित आहेत, अडचण मात्र गावोगावची आहे. जमीन वडिलांच्या नावे, बाजारात कांदा नेला मुलाने, म्हणून विक्रीपट्ट्या मुलाच्या नावे. १३ फेब्रुवारीला ४१.२० क्विंटल, २३ फेब्रुवारीला ३८.६० आणि ९ मार्चला ३६.७० असा एकूण ११६.५० क्विंटल कांदा विकला गेला. ३५० रुपयांप्रमाणे अनुदान होते ४०,७७५ रुपये. १८ एप्रिल २०२३ रोजी अर्ज दिला, पोचपावतीचा क्रमांक ११४२. सप्टेंबरात अनुदानाचे वाटप सुरू झाले. शेजाऱ्यांच्या खात्यावर पहिला हप्ता आला. या घरी काहीच आले नाही.

येथे पहिला विवेक करावा लागतो, आणि बहुतेक कार्यकर्ते तोच करीत नाहीत. साऱ्या गावाचे पैसे अडले असतील तर तो निधीचा प्रश्न आहे. शेजाऱ्याला मिळाले आणि एकालाच मिळाले नाहीत तर तो त्याच्या कागदाचा प्रश्न आहे. २०२३ मध्ये हे दोन्ही प्रकार एकाच वेळी चालू होते. सरकारने पूर्ण मागणीइतका निधी एकदम दिला नाही. मागणी थोडी असलेल्या जिल्ह्यांना पूर्ण रक्कम मिळाली, आणि नाशिकसारख्या मोठ्या मागणीच्या जिल्ह्यांत पहिल्या टप्प्यात १०,००० रुपयांपर्यंतच रक्कम देऊन उरलेली पुढे ढकलली गेली. त्यामुळे ज्याला १०,००० मिळाले आणि बाकीचे आले नाहीत त्याने बाजार समितीत भांडून उपयोग नव्हता. ज्याला एक रुपयाही मिळाला नाही त्याने निधीची वाट पाहत बसणे तितकेच चुकीचे होते.

वरील कुटुंब दुसऱ्या प्रकारातले. मुलगा चार वेळा समितीत गेला, चारही वेळा ‘यादी वर गेली’ एवढेच ऐकून परत आला. ९ ऑक्टोबरला त्याने लेखी पत्र दिले. हे पत्र ‘माझे अनुदान केव्हा मिळेल?’ असे विचारीत नाही, आणि त्यातच त्याचे बळ आहे. ‘केव्हा’ला कोणताही लिपिक बांधील नसतो, वहीत लिहिलेली तारीख मात्र त्याला नाकारता येत नाही. पत्र साधारण असे:

‘विषय: कांदा अनुदान अर्ज क्र. ११४२, दि. १८-४-२०२३. सदर अर्ज आपल्या कोणत्या यादीत, कोणत्या अनुक्रमांकावर समाविष्ट झाला. ती यादी कोणत्या जावक क्रमांकाने व दिनांकाने कोणत्या कार्यालयास पाठविली. आणि तिच्यावर त्या कार्यालयाचे काही पत्र आले असल्यास त्याचा आवक क्रमांक व दिनांक कळवावा. सोबत पोचपावतीची प्रत. या पत्राची पोच मिळावी.’

उत्तर आले: यादी जावक क्र. ३८७, दि. १२ मे २०२३ अन्वये सहायक निबंधक कार्यालयास सादर. आता तालुक्याच्या कचेरीत बोलण्यासारखे काही हाती आले. तेथील आवक नोंदवहीत ती यादी १६ मे रोजी ९०२ क्रमांकावर सापडली, आणि तिच्यासमोर नोंद होती: ६ जून रोजी जावक क्र. १३१० अन्वये त्रुटीपूर्ततेसाठी समितीकडे परत. अर्ज वर कधी गेलाच नव्हता; तो चार महिने पहिल्याच कचेरीत येऊन पडला होता. त्रुटी कोणती? शासनाच्या अटीप्रमाणे सात-बारा वडिलांच्या नावे आणि विक्रीपट्टी मुलाच्या नावे असेल तर सहमतीचे शपथपत्र घेऊन रक्कम सात-बारा ज्याच्या नावे त्याच्या खात्यावर जमा करावयाची. शपथपत्र जोडलेले होते. यादीत खाते मात्र मुलाचे लिहिले गेले होते.

एका ओळीची चूक, आणि तिच्यासाठी जबाबदार कोणी नाही. तालुक्याच्या कचेरीच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघाले, कारण कागद परत गेला. समितीच्या दृष्टीने ते प्रलंबित नव्हते, कारण पूर्तता अर्जदाराने करावयाची म्हणून ते ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठ्यात गेले. आणि ज्याची प्रतीक्षा चालली होती त्या अर्जदाराला कोणीही कळविले नव्हते. कचेरीची भाषा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या ‘प्रतीक्षाधीन’ शब्दाची किंमत कळेल. महिनाअखेरच्या गोषवाऱ्यात प्रलंबित प्रकरणांचा आकडा कमी दाखवावयाचा तर कागद या गठ्ठ्यात सरकविण्यासारखा सोपा उपाय नाही. म्हणून प्रत्येक पाठपुराव्यात एक प्रश्न ठेवावाच लागतो: प्रकरण प्रतीक्षाधीन असल्यास कोणाकडून कोणत्या पूर्ततेची प्रतीक्षा आहे, आणि ती त्यास कोणत्या पत्राने कळविली?

या प्रश्नामागे कायदा उभा आहे. महाराष्ट्रात बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे सर्वसाधारण नस्ती कोणत्याही कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाकडे पाठविण्याची गरज नसलेल्या प्रकरणाचा निर्णय ४५ दिवसांत आणि तशी गरज असलेल्याचा तीन महिन्यांत व्हावयास हवा. हेतुपुरस्सर विलंब किंवा हयगय केल्यास शिस्तभंगाच्या कारवाईची तरतूद आहे. तो शासकीय कर्मचाऱ्यांचा कायदा आहे. बाजार समितीच्या नोकराला तो थेट लावता येईलच असे नाही, परंतु सहायक निबंधकाच्या आणि उपनिबंधकाच्या कचेरीला तो निश्चित लागू आहे. तथापि ‘सात दिवस’ मोजावयाचे तर कागद कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला आला हे ठाऊक हवे. तारखेवाचून या कायद्याचा हवाला देणारे निवेदन म्हणजे नुसता त्रागा होय.

पत्राला उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर व दीडशे शब्दांच्या आत. येथेही ‘विलंब का झाला’ असे विचारू नये. ‘का’ हा कागद कोणत्याही कपाटात नसतो. आवक-जावक नोंदवहीच्या संबंधित पानांची आणि त्रुटीपत्राची प्रत मागावी. अर्ज अपात्र ठरविला असेल तर त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणे देणे हे कार्यालयाचे स्वतःचेच कर्तव्य आहे, याची आठवण एका ओळीत करून द्यावी.

अपात्रतेचे सर्वांत मोठे कारण त्या वर्षी सात-बाराच निघाला. २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून नोंदवावी अशी व्यवस्था आली. ज्याच्या हाती तसा फोन नाही किंवा ज्याच्या शिवारात संपर्काची लहर पोचत नाही, त्याच्या उताऱ्यावर कांदा उमटला नाही, जरी तोच कांदा बाजारात मोजला जाऊन त्याची पट्टी फाटली होती. ओरड झाल्यावर गावपातळीवर तलाठी आदींच्या समितीने खात्री करावी असे ठरले. पण त्या खात्रीचा अहवाल हा आणखी एक कागद, आणि तो जोडला गेला की नाही हे विचारण्यासाठी आणखी एक क्रमांक. फोन नसलेल्या माणसावर फोनवरच्या नोंदीची अट घालणे ही प्रशासकीय चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे. ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्यावर सर्वाधिक पुराव्याचा बोजा टाकणारी ती वर्गीय निवड आहे.

कागदाची वाट पूर्ण मोकळी झाली आणि तरीही पैसे आले नाहीत, तर मग पत्राचा पत्ता बदलावा लागतो. जिल्हा उपनिबंधकाकडून तीन आकडे लेखी घ्यावेत: मंजूर मागणी किती, प्राप्त निधी किती, वाटप किती. पहिल्या दोहोंतील फरक कोणताही लिपिक भरून काढू शकत नाही. तो विधिमंडळाच्या पुरवणी मागण्यांतूनच भरतो, आणि त्यासाठी तालुकावार आकडा आमदाराच्या हाती अधिवेशनापूर्वी द्यावा लागतो, अधिवेशन संपल्यावर नव्हे. दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यांत फरक असेल तर मात्र पैसा नाशिकमध्येच कोठेतरी पडून आहे, आणि धरणे तेथेच धरावयाचे.

२०२३ च्या त्या दोन महिन्यांतील विक्रीचे उरलेले अनुदान शासनाने मंजूर केले ते २०२५ च्या ऑगस्टात: फेरतपासणीत पात्र ठरलेल्या चौदा हजारांहून अधिक शेतकऱ्यांसाठी २८ कोटींवर रक्कम, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक शेतकरी एकट्या नाशिक जिल्ह्यातले. जवळजवळ अडीच वर्षे हे अर्ज कोणत्या ना कोणत्या वहीत नोंदलेलेच होते. वरच्या कुटुंबाने ऑक्टोबरातच वडिलांचे खाते लिहून दुरुस्तीपत्र दिले असते, त्याची पोच घेतली असती आणि सुधारित यादीचा जावक क्रमांक त्याच दिवशी पासबुकाच्या मागच्या पानावर टिपून ठेवला असता, तर पुढच्या कचेरीत त्यांना विचारावयाचा प्रश्न एकच उरला असता: हा क्रमांक आपल्या आवक वहीत कोणत्या तारखेला चढला?