पट्टी लावून पाहा!

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी एक 'आर्थिक साक्षरता' शिबिर झाले. शिबिर कोणी भरवले होते ते सांगत नाही. असली शिबिरे सगळीकडे सारखीच असतात. भिंतीवर एक मोठे रंगीत चित्र लावले होते. डावीकडून एक जाड पट्टा येतो, त्यावर लिहिलेले 'कुटुंबाचे मासिक उत्पन्न १५,००० रुपये'. पुढे नदीला फाटे फुटावेत तसे त्याला फाटे फुटतात. एक किराण्याकडे जातो, एक शाळेकडे, एक दवाखान्याकडे. सगळ्यांत ठळक लाल फाटा होता 'लग्नकार्य, सणवार, व्यसन'. आणि खाली कोपऱ्यात एक हिरवा फाटा, 'बचत ३,००० रुपये'. चित्राकडे बोट दाखवून साहेब म्हणाले, बघा, तुमचा पैसा कुठे जातो ते. लाल आवरा म्हणजे हिरवा वाढेल.

समोर बसलेले कापूसवाले माना डोलावत होते. आम्ही मागे बसलो होतो. चहाची सुट्टी झाली तेव्हा आम्ही एका पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि भिंतीपाशी गेलो.

या चित्राचा नियम एकच आहे, आणि तो कोणत्याही शेतकऱ्याला कळेल असा आहे. पाटाची रुंदी पाण्याच्या प्रमाणात. मूळ पट्टा जेवढा रुंद, तेवढीच सगळ्या फाट्यांची रुंदी मिळून भरली पाहिजे. कुठेही पाणी गडप होत नाही आणि कुठेही आपोआप उगवत नाही. साहेबांच्या चित्रात १५,००० चा पट्टा २५ मिलिमीटर रुंद होता, म्हणजे एका मिलिमीटरला ६०० रुपये. त्या हिशेबाने २,००० रुपयांचा लाल फाटा साडेतीन मिलिमीटरच्याही आत बसायला हवा. तो भरला ९ मिलिमीटर! आकडा खरा लिहायचा आणि पट्टा अडीच पटीहून अधिक जाड काढायचा. ऐकणारा आकडा विसरतो, जाडी डोळ्यांत राहते. हे अज्ञानाने झाले असेल असे धरून चालू. पण अज्ञान नेहमी एकाच बाजूला का झुकते?

हे चित्र मुळात आले कुठून तेही सांगायला हवे. १८९८ साली सँकी नावाच्या एका आयरिश कप्तानाने, जो इंजिनियर होता, वाफेच्या इंजिनातील उष्णतेचा हिशेब अशा पट्ट्यांनी मांडला. भट्टीत किती उष्णता गेली, किती धुराड्यातून उडाली, किती वाफेबरोबर वाया गेली आणि शेवटी चाकाला किती मिळाली. त्याने शेजारी दुसरे चित्रही काढले, गळती नसलेल्या आदर्श इंजिनाचे. दोन्ही शेजारी ठेवली की गळती कुठे आहे ते दिसते. म्हणून आजही या चित्राला सँकी आकृती म्हणतात. त्याने चित्र भट्टीपासून सुरू केले. चाकापासून सुरू केले असते तर गळती दिसलीच नसती. साहेबांनी नेमके तेच केले होते. 'मासिक उत्पन्न' म्हणजे चाकाला पोचलेली ताकद. त्याच्या आधी काय काय उडून गेले ते भिंतीवर नव्हतेच.

तेव्हा भावांनो, मायबहिणींनो, आम्ही स्वतः एक चित्र काढले. यवतमाळ जिल्ह्यातील एक कोरडवाहू घर, पाच एकर, नवराबायको आणि शिकणारी दोन मुले. २०२४-२५ च्या हंगामाच्या वहीतले आकडे हजारात गोळा केले आहेत. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू घेतली आणि एका मिलिमीटरला एक हजार रुपये असे माप धरले.

डावीकडून आत काय येते? चार एकरांत वीस क्विंटल कापूस, विकला ७,००० रुपयांनी, म्हणजे १४० मिलिमीटर. दोघांनी दुसऱ्यांच्या शेतात केलेली मजुरी ३६. शेळ्या विकून १२. पीएम किसान आणि नमो शेतकरी, दोन्हींचे सहा-सहा हजार मिळून १२. एकूण २०० मिलिमीटर. वीस सेंटिमीटरचा पट्टा! कागदावर पाहून घरधनी हसला. म्हणाला, एवढा पैसा आपल्या घरात येतो होय?

येतो, पण थांबत नाही. घराच्या उंबऱ्याआधीच फाटे सुटतात. बियाण्याची आठ पाकिटे ७, खत १४, फवारणी १२, नांगरट-वखरणी-डवरणीचे भाडे १२, निंदणाची मजुरी १२, वेचणी १५, गाडीभाडे आणि हमाली ३, एक एकर ज्वारीचा खर्च ५. हे झाले ८० मिलिमीटर. जूनमध्ये ५०,००० हातउसने घेतले होते, शेकडा तीन रुपये महिना, सहा महिन्यांचे व्याज ९. राहिले १११. साहेबांचे चित्र सुरू होते ते इथे.

आता घरखर्च. किराणा, तेल, भाजीपाला ४८, दोन मुलांची शाळा-कॉलेज २०, दवाखाना १८, वीज, गॅस, मोबाईल १२, कपडे आणि सण ८, प्रवास ६, नात्यातल्या एका लग्नाचा आहेर-खर्च १०. बेरीज १२२. आत १११ आणि बाहेर १२२. पट्टे जुळेनात!

इथेच या चित्राचा खरा उपयोग आहे. वहीतली तूट पान उलटले की दिसेनाशी होते. चित्रात मात्र ११ मिलिमीटरचे भोक डोळ्यांसमोर राहते, आणि नियमाप्रमाणे ते कुठून तरी भरावेच लागते. ते भरले नव्या उधारीने. कृषी केंद्राचे अकरा हजार पुढच्या हंगामावर ढकलले. तुमच्या घरचे चित्र काढाल तेव्हा एक चूक होण्याची भीती आहे, ती टाळा. पुष्कळ जण परत केलेले कर्ज खर्चात धरतात, पण घेतलेले कर्ज आवकेत धरत नाहीत. मग पन्नास हजार खर्च जास्त दिसतो आणि सगळे चित्र खोटे पडते. मुद्दल आले आणि गेले, तर ते दोन्ही बाजूंना काढा किंवा दोन्हीकडे वगळा. व्याज मात्र एकतर्फीच जाते, ते कधीही वगळू नका.

हा ११ मिलिमीटरचा पट्टा कशाने बुजला असता? कपडे-सण पुरते बंद केले तरी ८ मिळतात. साहेबांचा सल्ला तंतोतंत पाळून, पोळ्याला पोराला सदरा न घेतासुद्धा भोक उरतेच. आता भावाकडे पाहा. या घरचा कापूस लांब धाग्याचा होता. त्या हंगामाचा लांब धाग्याचा सरकारी हमीभाव होता ७,५२१ रुपये. विकला गेला ७,००० ला, कारण देणेकरी दारात होता आणि पहिल्या वेच्याच्या कापसात ओलावा होता. बारा टक्क्यांवर ओलावा गेला की सी.सी.आय. कापूस घेत नाही. क्विंटलमागे ५२१, वीस क्विंटलचे १०,४२०. म्हणजे सुमारे साडेदहा मिलिमीटर. जवळजवळ सगळी तूट या एकाच जागी आहे, आणि ही जागा साहेबांच्या चित्रात नाही, कारण त्यांचे चित्र तिच्या पुढे सुरू होते.

आता 'मासिक' या शब्दाचे बघू. दोन लाखांना बाराने भागले की १६,६६७ येतात. नोकरदाराला हा भागाकार शोभतो, त्याला एक तारखेला पगार मिळतो. या घराचा ऑगस्ट आम्ही वेगळा काढला. आवक मजुरीचे ३ मिलिमीटर. जावक फवारणी ६, निंदण ५, किराणा ४, पोराच्या तापाचे २, वीज-मोबाईल १, मिळून १८. पंधरा मिलिमीटर उसन्या पैशाचे. डिसेंबरचे चित्र नेमके उलटे: चौदा क्विंटल कापसाचे ९८ मिलिमीटर आले आणि त्यातले ५९ मुद्दल-व्याजापोटी त्याच आठवड्यात गेले. १६,६६७ रुपयांचा महिना या घरात बारापैकी एकदाही उगवला नाही. सरासरीने ऑगस्ट झाकला जातो, आणि तीन रुपये शेकड्याचे व्याज जन्माला येते ते ऑगस्टमध्येच. तेव्हा वर्षाचे एक, पेरणीनंतरच्या एका महिन्याचे एक आणि विक्रीच्या महिन्याचे एक अशी तीन चित्रे काढा. एका चित्रात काळ दिसत नाही, ही या आकृतीची मर्यादाच आहे.

आणखी एक पट्टा राहिला. घरातल्या दोघांनी मिळून स्वतःच्या शेतात दोनशे दिवस काम केले. रोज ३०० धरला तर ६०,००० होतात. (बाईचा आणि माणसाचा रोज आम्ही सारखाच धरला; ज्यांना हे खटकते त्यांनी एक दिवस वेचणीला वाकून पाहावे.) हा पैसा कोणी दिला नाही म्हणून तो चित्रात येत नाही. आम्ही तो तुटक रेघेने काढला, ६० मिलिमीटर रुंद. घरची ज्वारी आणि गाईने खाल्लेला कडबाही तसाच तुटक रेघेने. घरच्या बाईने तो साठचा पट्टा बोटाने मोजला आणि विचारले, यातला माझा किती?

हा आमचा हेकटपणा नाही. सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीने जुलै २०१८ ते जून २०१९ या वर्षात शेतकरी कुटुंबांचा हिशेब घेतला. फक्त रोख खर्च वजा केला तेव्हा महिन्याचे सरासरी उत्पन्न निघाले १०,२१८ रुपये. त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात मजुरीचा पट्टा पिकाच्या पट्ट्याहून रुंद! आणि घरचे श्रम, घरचे बियाणे असा न दिलेला खर्चही त्याच पाहणीत वजा केला तेव्हा तेच उत्पन्न ८,३३७ वर आले. कुटुंबे तीच, वर्ष तेच. महिन्याला १,८८१ रुपयांचा फरक पडला तो केवळ तुटक रेघ काढली की नाही यावर. हमीभावाचे भांडणही याच रेघेचे आहे. २०१८-१९ पासून सरकार रोख खर्च अधिक घरच्यांची मजुरी याच्या दीडपट भाव धरते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज हे पट्टे त्या दीडपटीच्या बाहेरच आहेत.

आम्हीही कृषीची पदवी घेऊन बरीच वर्षे एकरी किती खत टाका ते गावोगाव सांगत फिरलो. खताची गोणी घरात कोणत्या पट्ट्याने येते आणि कोणत्या पट्ट्याला कापते, हे आम्ही तेव्हा कोणालाही विचारले नव्हते.

जिल्हा बैठकीला येताना वही, कापूसपट्ट्या आणि कृषी केंद्राची बिले घेऊन या. जुने कॅलेंडर आणि पट्टी आम्ही आणू. पट्टा तिरका गेला तर रुंदी काटकोनात मोजायची, नाहीतर तो फुगून दिसतो. घरची बाई सोबत असेल तरच चित्र काढायला घेऊ, कारण किराण्याचा आणि दवाखान्याचा आकडा तिलाच ठाऊक असतो. पुरुषांनी एकट्याने सांगितलेले आकडे अजून एकदाही जुळलेले नाहीत.