डागाआधी धागा पाहावा

नागपूरच्या इतवारीतील कापडबाजारात जी नागपुरी लुगडी आणि साड्या पिढ्यान्‌पिढ्या विकल्या गेल्या, त्यांपैकी पुष्कळांची घडण दुहेरी असते : अंग सुती आणि काठ रेशमी. सूत म्हणजे सेल्युलोज, अर्थात वनस्पतीचा तंतू, आणि रेशीम म्हणजे प्रथिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या किंवा रक्ताच्या जातीचा पदार्थ. अशा साडीवर चहा सांडला, तर एकाच डागाखाली दोन वेगळे तंतू सापडतात आणि एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. डाग कसा काढावा या प्रश्नाचा विचार त्यामुळे डागापासून नव्हे, कापडापासून सुरू करावा लागतो.

चहाचा तपकिरी रंग हा टॅनिन या गटातील द्रव्यांचा असतो. ही तुरट चवीची द्रव्ये तंतूंना आणि प्रथिनांना चिकटून बसतात, आणि त्यांचा एक महत्त्वाचा गुणधर्म असा की आम्लात त्यांचा रंग फिका पडतो, तर अल्कलीत, म्हणजे खार किंवा सोडा असलेल्या पाण्यात, तो गडद होतो. कपडे धुण्याची साबणाची वडी स्वभावतःच अल्कधर्मी असते; म्हणून चहाच्या ओल्या डागावर वडी घासताच डाग पिवळसर असतो तो लालसर तपकिरी होतो. ही खूण दिसली की घासणे तिथेच थांबवून साबण थंड पाण्याने पूर्ण काढून टाकावा, कारण वडी घासत राहिल्यास टॅनिन धाग्यात पक्के बसते. बोअरवेलच्या कठीण पाण्यात अडचण आणखी वाढते, कारण त्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन तयार होणारा चिकट साका डागावरच बसतो. गंजलेली लोखंडी बादलीही टाळावी, कारण लोह आणि टॅनिन एकत्र आले की निळसर काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई याच क्रियेने बनत असे.

आपल्याकडचा चहा दूध आणि साखर घालून उकळलेला असतो, ही बाब परदेशी पुस्तकांतील कोऱ्या चहाच्या उपायांत सुटून जाते. दुधातील प्रथिन आणि स्निग्धांश डागाला चिकटपणा देतात. आणि साखर सुकल्यावर जवळजवळ दिसत नाही, पण त्यावर गरम इस्त्री फिरली की ती करपून तपकिरी होते आणि मग निघत नाही. कॉफीचा डागही बहुतांशी याच वाटेने हाताळावा.

समजा, फिक्या दुधी रंगाच्या साडीवर चहा पडला आणि डाग अर्धा सुती अंगावर, अर्धा मरून रेशमी काठावर पसरला. प्रथम कोऱ्या सुती फडक्याने दाबून चहा टिपावा. घासू नये, कारण घासण्याने रेशमाचे तंतू विस्कटतात आणि त्या जागेची चमक कायमची जाते. काठाचा रंग पक्का आहे की नाही हे आतल्या बाजूच्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके मिनिटभर दाबून तपासावे. फडक्याला मरून छटा आली, तर घरी पुढे जाऊ नये. रंग पक्का असल्यास डागाची उलटी बाजू वर घेऊन तीवर थंड पाण्याची हलकी धार सोडावी, म्हणजे चहा आला त्याच वाटेने बाहेर पडतो. मग एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांचे मिश्रण कापसाने लावून दहा मिनिटे थांबावे, लोकरी-रेशमी कपड्यांसाठी मिळणाऱ्या सौम्य द्रवाचे दोन-चार थेंब बोटांनी दाबत मुरवावेत आणि साडी खंगाळून सावलीत वाळवावी. तरीही सुती भागावर पिवळी छटा उरली, तर औषधाच्या दुकानात मिळणारे तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड फक्त त्या छटेवर, काठापासून दूर, आधी लपलेल्या जागी तपासून, पाच मिनिटे लावून धुवावे. दिवसाच्या उजेडात डाग पूर्ण गेल्याचे दिसेपर्यंत इस्त्री करू नये.

रक्ताच्या बाबतीत उष्णता अधिक निर्णायक असते. रक्तातील हिमोग्लोबिन हे लोह असलेले प्रथिन आहे आणि उकडताना अंडे घट्ट होते तसे तेही गरम पाण्यात गोठून धाग्यांच्या आत अडकते. नागपुरात 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांचे पांढरे सुती कापड परटाच्या भट्टीत धुण्याच्या सोड्यासह उकळले तरी टिकत असे, आणि घामाचा व तेलाचा मळ त्या उकळण्यानेच निघे. पण तीच भट्टी रक्ताचा न धुतलेला डाग पक्का करून ठेवते. नागपूरच्या मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे दुपारचे पाणीच चांगले तापलेले असते, म्हणून रक्ताच्या डागासाठी माठातले पाणी घेणे योग्य. लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घालून सुती कापड अर्धा तास भिजवावे, पाणी लाल झाले की बदलावे, आणि डाग फिका पडल्यावरच साबण लावावा. वाळून तपकिरी झालेल्या डागाला एन्झाइमयुक्त डिटर्जंट उपयोगी पडते, कारण त्यातील प्रोटिएज हे विकर प्रथिनाचे तुकडे करते. मात्र रेशीमही प्रथिनच असल्याने हेच विकर काठ कुरतडते. रेशमावर केवळ थंड पाणी आणि सौम्य द्रव वापरावे. क्लोरिनचे ब्लीच तर रेशमाला पिवळे पाडते आणि शेवटी विरघळवते, म्हणून ते अशा साडीजवळही आणू नये. रिठ्याचे पाणी रेशमाला मानवते, पण त्याची स्वतःची तपकिरी झाक पांढऱ्या सुतावर उतरू शकते, हे लक्षात ठेवावे.

लिपस्टिकचा डाग या सर्वांच्या उलट स्वभावाचा आहे. मेण, एरंडेलासारखे तेल आणि त्यांत मिसळलेली रंगद्रव्ये यांचा तो लेप असल्याने पाणी त्यात शिरतच नाही, आणि गरम पाण्याने किंवा इस्त्रीने मेण वितळले की ते रंग सोबत घेऊन धाग्यात खोल उतरते. बोथट सुरीने वरचा थर खरवडावा, डाग पालथा करून पांढऱ्या फडक्यावर ठेवावा, आणि मागून कापसाने सर्जिकल स्पिरिट कडेकडून मध्याकडे टिपत जावे. खालचे फडके रंगले की जागा बदलावी. स्पिरिटनेही काही रंग सुटतात, म्हणून येथेही कोपऱ्यावरची चाचणी आधी करावी, आणि ज्वालाग्राही असल्याने हे काम चुलीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावे. तेलाचा उरलेला अंश भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब आणि कोमट पाणी यांनी जातो, परंतु ही पायरी सुती भागापुरतीच ठेवावी.

काठावर लिपस्टिक लागली असेल, तर साडी ड्रायक्लीनिंगला देणे शहाणपणाचे, कारण तिथे पाण्याऐवजी वापरले जाणारे द्रावक मेण आणि तेल सहज विरघळवते. चहा आणि रक्त मात्र पाण्यात विरघळणारे असल्याने तेच द्रावक त्यांना फारसे हलवत नाही, आणि धुलाईनंतरच्या वाफेच्या इस्त्रीने ते पक्के होण्याचा धोका असतो. यासाठी साडी देताना डाग नेमका कशाचा आहे, तो किती दिवसांचा आहे आणि घरी त्यावर काय काय लावले, हे दुकानदाराला सांगून डागाशेजारी सैल दोऱ्याचा एक टाका खूण म्हणून घालावा.