उंबरठा ते उंबरठा



माझ्या भाचीची नोकरीची परीक्षा अंधेरीला होती. साडेनऊला फाटक बंद होणार होते. घाटकोपरहून बसने किती वेळ लागतो, ते आम्ही एका रविवारी जाऊन पाहिले. घरापासून थांब्यापर्यंत १० मिनिटे, बसची वाट ५, बसमध्ये ४५ आणि उतरून चालायला १०. एकूण ७० मिनिटे.

पण परीक्षा सोमवारी होती आणि रविवारचा हिशेब सोमवारी चालत नाही. आमचे एक शेजारी रोज सकाळी त्याच वाटेने कामाला जातात. त्यांनी कामाचे पाच दिवस घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवली. साकीनाक्याच्या कोंडीत एके दिवशी बसचे ४५चे ७५ झाले आणि थांब्यावर २० मिनिटे गेली. त्या दिवशी एकूण ११५ मिनिटे लागली.

येथे सरासरी धरू नये. सरासरीवर निघालो, तर साधारण निम्म्या दिवशी उशीर ठरलेलाच. रोजच्या कामाला पाचांपैकी चार दिवस पुरेल एवढी वेळ धरावी. फाटक बंद होणार असेल, तर सर्वांत वाईट दिवस धरून वर १५ मिनिटे ठेवावीत.

म्हणजे १३० मिनिटे. भाची ७ वाजून २० मिनिटांनी निघाली आणि ८ वाजून ५० मिनिटांनी पोहोचली. चाळीस मिनिटे फाटकाशी बसावे लागले, पण परीक्षा हुकली नाही.

पावसाळा लागला की मात्र ही नोंद नव्याने करावी.