डायलवरचं ‘मेड इन’ नेमकी कशाची हमी देतं?

भारताचा स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागलं. तेव्हापासून वर्धा, हिंगणघाटकडचे माझे मित्र एकच प्रश्न विचारतात: डायलवर ‘स्विस मेड’ लिहिलंय, म्हणजे आतलं सगळं स्विसच ना?

नाही. डायलवरचा शब्द हा निर्मात्याने स्वतः केलेला दावा असतो. त्याचा अर्थ किती, हे त्यामागे कोणता कायदा उभा आहे यावर ठरतं.

‘स्विस मेड’: हिशोब पैशांचा, भागांचा नाही

स्वित्झर्लंडमध्ये यासाठी स्वतंत्र नियम आहेत, आणि १ जानेवारी २०१७ पासून ते कडक झाले. मूव्हमेंट (आपले घड्याळजी याला ‘मशीन’ म्हणतात) स्विस असली पाहिजे, ती केसमध्ये तिथेच बसवली पाहिजे, शेवटची तपासणी तिथेच झाली पाहिजे आणि घड्याळाच्या उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला असला पाहिजे.

एक काल्पनिक हिशोब करून बघू. एका घड्याळाचा उत्पादन खर्च १०,००० रुपये आहे. त्यात मशीन ४,०००, केस २,०००, डायल-काटे-काच २,००० आणि जोडणी-तपासणी २,००० रुपये. केस, डायल, काटे आणि काच चीनमधून आणले, तर बाहेरचा खर्च ४,००० झाला. उरलेले ६,००० रुपये स्वित्झर्लंडमधले, म्हणजे बरोबर ६० टक्के. घड्याळ कायदेशीररीत्या ‘स्विस मेड’ ठरलं, पण हातात घेतल्यावर जे दिसतं आणि जाणवतं ते जवळपास सगळं चिनी.

मशीनमध्येही अशीच सूट आहे. मशीन ‘स्विस’ ठरण्यासाठी तिच्या सुट्या भागांच्या एकूण किमतीपैकी किमान निम्मी किंमत स्विस भागांची असावी लागते, सगळी नाही. वरच्या उदाहरणात मशीनमधले १,००० रुपयांचे भाग बाहेरचे निघाले, तर एकूण स्विस वाटा ५० टक्क्यांवर येईल. मग डायल किंवा केस तिथूनच घ्यावी लागेल.

त्यातही स्विस मजुरी महाग आणि चिनी केस स्वस्त. त्यामुळे भाग मोजले तर बाहेरचे जास्त आणि खर्च मोजला तर स्विस जास्त, असं सहज होऊ शकतं.

‘जपान मूव्हमेंट’: फक्त मशीनपुरतं

ऑनलाइन स्वस्त घड्याळांवर सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं, बहुतेकदा संक्षिप्त रूपात. इथे निर्माता फक्त मशीनबद्दल बोलतोय. केस कुठली, जोडणी कुठे झाली, याबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून आधी डब्यावरचा मजकूर वाचा. आपल्याकडच्या लीगल मेट्रॉलॉजी नियमांनुसार आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापावा लागतो. डायलवर जपान आणि डब्यावर चीन असेल, तर ती फसवणूक नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

रंगवलेली डायल: हमी शून्य

तिसरा प्रकार आपल्या महाराष्ट्रातलाच. जुन्या एचएमटी, सायको आणि स्विस घड्याळांचे सुटे भाग एकत्र करून, डायल नव्याने रंगवून विकायचा धंदा मुंबईत इतका चालतो की जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. इथे ‘स्विस मेड’ किंवा ‘जपान’ ही अक्षरं कारखान्यात नाही, तर रंगाऱ्याकडे छापली जातात.

हे ओळखायचं कसं? १९७० च्या दशकातलं घड्याळ आणि डायल मात्र चकचकीत, भडक रंगाची असेल तर सावध व्हा. भिंग लावून बघा: कारखान्यातली अक्षरं रेखीव असतात, नंतर छापलेली जाड आणि फाटलेली दिसतात. मग घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या. जुन्या सायकोच्या झाकणावर मशीनचा क्रमांक पहिल्या चार आकड्यांत असतो. तिथे ७००९ आणि आत मशीनवर ६३०९ दिसलं, तर केस एका घड्याळाची आणि मशीन दुसऱ्याची. आकडे जुळले म्हणजे डायलही मूळ आहे असं मात्र नाही, कारण फक्त डायल रंगवली तर आतले आकडे बदलत नाहीत.

मग विकत घेताना?

नवीन घड्याळ घेताना दुकानदाराला ‘स्विस आहे का?’ विचारू नका. मशीनचा क्रमांक काय, केस कुठे बनली आणि जोडणी कुठे झाली, असे तीन वेगळे प्रश्न विचारा. डायल यातल्या फार तर एक-दोन प्रश्नांचं उत्तर देते. शुल्क सवलतीचंही तसंच: कस्टम्सला करारातल्या नियमांप्रमाणे मूळ देशाचा कागद लागतो, डायलवरची दोन अक्षरं तिथे पुरत नाहीत.