पहिली गाडी : शंभरची की सव्वाशेची?

दोन चाकं / दुचाकीकर

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत गाडी लांबणीवर टाकलेल्यांनीही कोटेशनं गोळा करायला घेतली. कोऱ्हाळे बुद्रुकचा, बारामतीच्या एमआयडीसीत नुकताच लागलेला एखादा पोरगा धरा. लायसन नवं, पैसे बेताचे, गाडी लाखाच्या आत ऑन-रोड बसली पाहिजे. पारावर पाच जण त्याला पाच गाड्या सांगतात आणि सगळ्यांचं बोलणं अ‍ॅव्हरेजवर येऊन थांबतं. माझं म्हणणं असं, की अ‍ॅव्हरेज शेवटी बघा. आधी रोजची वाट बघा, आणि मागच्या सीटवर रोज कोण बसणार ते ठरवा.

वाट तशी एकच, पण तिचे स्वभाव दोन. पणदरे, माळेगावपर्यंत मोकळा रस्ता लागतो. बारामतीत शिरलं की भिगवण चौकाच्या आसपास रिक्षा, टेम्पो, कॉलेजची पोरं आणि मध्येच वळणारी कार. नवखा माणूस गाडी पाडतो तो वेगात क्वचितच. पाडतो ती इथं, हाफ क्लचवर, गाडी जेमतेम चालत असताना. अशा वेळी इंजिनाची ताकद कामाला येत नाही. पाय जमिनीला पुरतात का आणि कललेली गाडी सावरता येते का, एवढंच महत्त्वाचं.

म्हणून शोरूममध्ये पहिली परीक्षा गाडी बंद असतानाच घ्या. स्टँड काढून बसा. दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, नुसते चवडे नव्हे. स्प्लेंडर प्लसची सीट जमिनीपासून 785 मिलीमीटरवर आहे, प्लॅटिना 100 ची 807 वर. फरक इंचाहून कमी, पण बेताच्या उंचीच्या माणसाला तोच फरक टाचेखाली जाणवतो. मग बसल्या बसल्या गाडी पायांनी मागे ढकला, आणि उतरून हँडल धरून एक पूर्ण वळसा घाला. शाइन 100 चं वजन 99 किलो, स्प्लेंडरचं 112. पल्सर 150 चं दीडशेच्या जवळ. दीडशेची गाडी चालवताना जड वाटत नाही. ती जड होते पार्किंगमधून ओढून काढताना आणि चढावर थांबल्यावर. पहिल्या गाडीसाठी ती बाजूला ठेवा. राहिली शंभर आणि सव्वाशे.

या दोघींमधला निकाल शहरात लागत नाही, तो लागतो उसाच्या ट्रॉलीमागे. सोमेश्वर आणि माळेगाव हे दोन्ही कारखाने याच पट्ट्यात असल्यामुळे गाळप सुरू झालं की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं चालतात. समजा असा ट्रॅक्टर ताशी 25 नं चाललाय. त्याची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून तुम्हाला चाळीसेक मीटर जास्तीचं कापायचंय. गाडी 45 वरच राहिली तर पुढे निघायला सात सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 90 मीटर जाता आणि समोरून 60 नं येणारी गाडी 120 मीटर जवळ येते. म्हणजे दोनशे मीटरहून जास्त रस्ता मोकळा दिसायला हवा. तेच तुम्ही 60 वर असाल तर काम चार सेकंदांत आटोपतं आणि 140 मीटर पुरतात.

एकटा माणूस असला तर शंभरची गाडी थोडं मागे राहून, वेग धरून साठ गाठते. डबल सीट असताना तीच गाडी पंचेचाळीसच्या पुढे रेंगाळते. स्प्लेंडरची ताकद 8 पीएस, शाइन 125 ची 10.7 च्या आसपास, आणि दोघींचं वजन जवळपास सारखं. मागे दुसरं माणूस बसलं की हा फरक लगेच कळतो.

याची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते. जाऊन-येऊन 50 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस धरले तर रनिंग 1250 किलोमीटर होतं. शंभरची गाडी लिटरला 65 आणि सव्वाशेची 55 देते असं मानू. जाहिरातीतले आकडे विसरा. महिन्याला साडेतीन लिटरचा फरक पडतो. लिटरला 105 रुपयांनी तो 365 रुपयांच्या आसपास जातो आणि तीन वर्षांत तेरा हजारांवर पोहोचतो. एकटा जाणारा हे पैसे फुकट घालवतो. रोज बहिणीला कॉलेजला सोडणाऱ्याचे ते सत्कारणी लागतात.

ब्रेकचंही नीट समजून घ्या. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे; त्याखालच्यांना कॉम्बी ब्रेक चालतो. त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. थोडाच. नवशिके नुसत्या पायावर विसंबतात आणि गाडी वेळेत थांबत नाही. पुढे डिस्क असलेलं मॉडेल बजेटमध्ये बसत असेल तर अलॉय आणि स्टिकरवर घालायचे पैसे तिकडे घाला. ड्रमच घेतलात तर लिव्हर किती दाबल्यावर ब्रेक धरतो याकडे लक्ष ठेवा. तो हळूहळू हँडलकडे सरकायला लागला की लायनर झिजतोय किंवा केबल सैल पडलीय, गॅरेज गाठा. शिफ्ट रात्री सुटत असेल तर हेडलाइट अंधारात लावून बघा. ताशी 50 नं गाडी सेकंदाला 14 मीटर जाते, आणि मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली फार उशिरा दिसते.

आता हप्ता. ‘फक्त दहा टक्के’ ऐकलं की लगेच विचारा, फ्लॅट की रिड्यूसिंग? 60 हजारांच्या कर्जावर दोन वर्षांना फ्लॅट दहा टक्क्यांनी व्याज 12 हजार आणि हप्ता 3000 होतो. घटत्या शिलकेवर दहा टक्के असेल तर हप्ता 2770 च्या आत आणि व्याज साडेसहा हजारांहून कमी. दर एकच सांगितला, पण व्याज जवळपास दुप्पट. कोटेशनवर टॅक्स, पासिंग आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स टळत नाही. ‘हँडलिंग’, कोटिंग, अ‍ॅक्सेसरीज अशा ओळी दिसल्या तर त्या काढायला सांगा आणि वाचलेल्या पैशांत आयएसआयचं चांगलं हेल्मेट घ्या, डबल सीट असेल तर दोन.

तर निकाल असा. एकटे जाणार असाल तर शंभरची घ्या. मागे रोज कोणी बसणार असेल तर सव्वाशेची घ्या आणि पेट्रोलचे जास्तीचे पैसे कुरकुर न करता भरा. पण कुठलीही घ्या, सही करण्याआधी दोन्ही तळवे जमिनीला टेकतात का, हे बघून घ्या.