वॉकथ्रू म्हणजे चालणं, उडणं नव्हे!

प्रोजेक्टचा सीझन आला की हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये कुणीतरी बिल्डिंगचा वॉकथ्रू करत बसलेला दिसतो. आणि दहापैकी आठ जणांचा कॅमेरा घारीसारखा घिरट्या घालतो! बघायला मजा येते, मान्य. पण इमारत दिसते का? माझं मत विचाराल तर, नाही.

ब्लेंडरचंच उदाहरण घ्या. कॅमेऱ्याला Follow Path लावला की कर्व्हची Frames ही संख्या आपोआप १०० असते. समजा, आपला एल आकाराचा कॉरिडॉर ३० मीटरचा आहे. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तो ४ सेकंदांत संपतो, म्हणजे वेग ताशी २७ किलोमीटर! कॉरिडॉरमधून स्कूटर नेतोय का आपण? माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो. ३० भागिले १.२ म्हणजे २५ सेकंद, गुणिले २५ म्हणजे ६२५ फ्रेम. तोच आकडा Frames मध्ये टाका आणि टाइमलाइनचा End सुद्धा ६२५ करा. तो मुळात २५० असतो, त्यामुळे व्हिडिओ कॉरिडॉरच्या मध्येच तुटतो.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, १.६ मीटरवर ठेवा. कोपऱ्यावर मार्ग काटकोनात वळवला तर भिंत एकदम अंगावर येते. तिथे दीड मीटर त्रिज्येची गोलाई दिली की वळायला दोन सेकंद मिळतात.

कुणी म्हणेल, एवढ्या संथ व्हिडिओने एक्स्टर्नल झोपतील. मग खोल्या कमी दाखवा ना, वेग कशाला वाढवता? चालण्याच्या वेगातच जिन्याखाली डोकं आपटेल का, दार उघडताना कॉलमला लागेल का, हे दिसतं. पळत्या कॅमेऱ्यात डिझाइनच्या चुका लपतात. व्हायव्हात मात्र त्यावरच प्रश्न येतात.

आता एक्स्पोर्ट. फ्रेमला एक मिनिट लागलं तरी ६२५ फ्रेमना साडेदहा तास हवेत. मध्यरात्री लाइट गेली आणि थेट व्हिडिओ रेंडर करत असाल, तर ती फाइल बहुधा उघडतच नाही. म्हणून पीएनजी चित्रं काढा आणि Overwrite ची खूण काढून टाका. लाइट आल्यावर शेवटचं अर्धवट चित्र डिलीट करून पुन्हा रेंडर सुरू केलं, की झालेल्या फ्रेम सोडून काम पुढे जातं. सगळी चित्रं तयार झाली की त्याच फोल्डरमध्ये ही एक ओळ चालवा:

```
ffmpeg -framerate 25 -i %04d.png -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p walk.mp4
```

यातलं yuv420p गाळू नका. ते नसेल तर आपल्या लॅपटॉपवर छान चालणारा व्हिडिओ सेमिनार हॉलच्या जुन्या प्लेअरवर काळा पडदा दाखवू शकतो. प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी तिथल्याच मशीनवर एकदा लावून बघा. आणि हो, बॅकग्राउंड म्युझिक अगदी शेवटी!