वंशवृक्षातली आजी

ग्वाल्हेरच्या लष्करातली मराठी घरं आता बरीचशी पुण्या-मुंबईला पांगली, पण भितरवार, डबऱ्याकडची शेती अजून वडिलांच्या नावावर तशीच पडून आहे. वडील गेले की पुण्याची मुलं विचारतात, ‘वारस नोंद कुठे करायची?’ इथे तलाठी नाही, सातबाराही नाही. इथे पटवारी, खसरा आणि बी-१. आणि मयताच्या जागी वारसांची नावं चढवण्याला सगळे म्हणतात फौती नामांतरण.

अर्ज तहसीलदाराच्या नावाने, मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १०९ आणि ११० खाली. सोबत मृत्यूचा दाखला, खसरा आणि बी-१ ची चालू नक्कल, असल्यास भू-अधिकार पुस्तिका, सगळ्या वारसांचं आधार, शपथपत्र आणि वंशवृक्ष. अर्ज घेतला की प्रकरण नोंदवलं जातं, हरकतींसाठी इश्तहार निघतो, पटवाऱ्याचा अहवाल येतो. कोणी हरकत घेतली नाही तर तीस दिवसांत आदेश व्हावा, असं कायदा म्हणतो.

पहिली अडचण नावाची. खसऱ्यात बहुधा आडनाव नसतंच; ‘विष्णु पुत्र बालकृष्ण’ एवढंच असतं. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र घरातलं ‘बाळासाहेब’ आणि पुढे आडनाव. दोन्ही नावं एकाच माणसाची, हे शपथपत्रात स्पष्ट लिहायला लागतं. ते राहिलं की फाइल पटवाऱ्याकडून परत येते.

पण खरा घोळ होतो तो वंशवृक्षात. तो आपणच घरी बसून काढतो, आणि घरातल्यांना जे ‘हक्काचे’ वाटतात तेवढेच त्यात येतात. बहिणींचा विसर पडतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आईचा विसर पडतो, हे फारसं कोणी बोलत नाही. हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको, मुलगे, मुली यांच्याबरोबर त्याची आईही येते, आणि तेवढ्याच वाट्याने.

समजा, बाळासाहेबांची स्वतः विकत घेतलेली तीन हेक्टर जमीन. मागे पत्नी, दोन मुलगे, पुण्यात दिलेली मुलगी आणि पंच्याऐंशीच्या पुढची आई. म्हणजे पाच वाटे, प्रत्येकी ०.६०० हेक्टर. घरात मात्र म्हणतात, ‘आजीला आता काय करायचंय शेत?’ आणि वंशवृक्षात चारच नावं जातात. इश्तहार कोणी वाचत नाही, आदेश होतो, सगळं बिनबोभाट.

पुढे आजी जाते. तिचा वाटा तिच्या अपत्यांकडे जातो: एक मुलगी, म्हणजे मुलांची आत्या, आणि आधी गेलेल्या बाळासाहेबांची शाखा. ०.६०० पैकी ०.३०० आत्याचा, उरलेला ०.३०० तिन्ही नातवंडांत, प्रत्येकी ०.१००. सुनेला यातलं काही नाही. म्हणजे आजीचं नाव गाळलं तर खरं नुकसान आत्याचं. जमीन विकायला काढली आणि खरेदीदाराच्या वकिलाने कुटुंबाची चौकशी केली की ही आत्या उभी राहते. तेव्हा चार नावांचा आदेश दाखवून भागत नाही, कारण नामांतरण ही महसुलापुरती नोंद. त्यातून मालकी जन्मत नाही आणि आत्याचा हक्कही मरत नाही. मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदीचं हे स्वरूप पुन्हा सांगितलं होतं.

हे इतकं पाल्हाळ लावायचं कारण, बहुतेक घरं ‘सोपं पडावं’ म्हणून नावं कमी करतात. वास्तविक सगळी नावं घातली तरच काम सोपं पडतं. पुण्याच्या मुलीला हिस्सा नको असेल तर तिला वंशवृक्षातून वगळायचं नसतं. आधी तिचं नाव चढतं, मग ती रीतसर हक्कत्याग करते. तोही नोंदणी कार्यालयात, मुद्रांकावर. ‘माझी हरकत नाही’ असं साध्या कागदावर लिहून पाठवलं की भाऊ खूश होतात, पण स्थावर मालमत्तेतला हक्क त्या कागदाने सुटत नाही.

आदेश हातात आला म्हणजे झालं, असंही नाही. आदेशाची नोंद खसऱ्यात चढायला हवी. नवी नक्कल काढून नावं, वाटे आणि कैफियतीचा रकाना नीट वाचावा. बँकेचं पीककर्ज असेल तर बंधक तिथेच दिसतो, आणि तो वारसांच्या नावांबरोबर जसाच्या तसा पुढे येतो.

लष्करातला वाडा मात्र या अर्जात येत नाही. त्याच्या मालमत्ता कराच्या नोंदीसाठी नगर निगमात वेगळा अर्ज करायचा असतो. वंशवृक्ष तिथेही लागतो, आणि तो तहसिलीत दिलेल्याशी जुळायला हवा.